वॉशिंग मशीनचे माहितीपुस्तक मराठीत: संबोधनाच्या नोंदी

२ जून

काम हातात आले. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनचे माहितीपुस्तक, मशीनवर चिकटवायचे स्टिकर, पडद्यावरचे छोटे संदेश, मोबाइल ॲपमधल्या सूचना आणि वॉरंटी कार्ड. मूळ मजकूर इंग्रजी, सोबत 'नमुन्यादाखल' हिंदी अनुवाद. भाषेबद्दल कंपनीची एकच ओळ आहे: मराठी सभ्य आणि आदरार्थी असावी.

या ओळीवरून फारसे काही ठरत नाही. 'दार बंद कर' सोडले, तर 'दार बंद करा', 'आपण दार बंद करावे', 'दार बंद करावे', अगदी जुन्या सरकारी पत्रातले 'दार बंद करणे' हेही सभ्यच आहे. कोणीही रागावणार नाही. तेव्हा निवड सभ्यतेवर होणार नाही, दुसरा काहीतरी निकष शोधावा लागेल.

कंपनीच्या जुन्या मॉडेलचे मराठी पुस्तकही मागवून घेतले. एकाच परिच्छेदात हे सापडले: "नळ सुरू करा. त्यानंतर दार बंद करावे. आपण डिटर्जंट घातले असल्याची खात्री करून घ्यावी." तीन वाक्ये, तीन वेगळी माणसे बोलताहेत असे वाटते. पहिला शेजारी उभा राहून सांगतो आहे, दुसरा भिंतीवरच्या पाटीसारखा, तिसरा लग्नपत्रिकेतून. वाचणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण आवाज बदललेला त्याला कळतो.

३ जून

कंपनीच्या मार्केटिंग विभागातल्या मॅडमशी फोनवर बोलणे झाले. त्यांचा कल 'आपण'कडे. म्हणाल्या, "हिंदीत आम्ही सगळीकडे 'आप' ठेवलंय. मराठीत 'तुम्ही' म्हणजे जरा खालचं वाटेल ना?"

ही शंका नेहमी येते, आणि हिंदी डोक्यात ठेवून मराठीकडे पाहिले की येणारच. हिंदीत तीन पायऱ्या रोजच्या वापरात आहेत: तू, तुम, आप. अनोळखी माणसाशी बोलायचे तर 'आप'. 'तुम' मधला, बरोबरीच्याला किंवा लहानाला. 'तुम' आणि 'तुम्ही' दिसायला सारखे, म्हणून 'तुम्ही'लाही मधल्या पायरीवर बसवले जाते. पण मराठीत अनोळखी माणूस, डॉक्टर, सासरे, बँकेतला अधिकारी, सगळ्यांशी आपण सरळ 'तुम्ही' म्हणून बोलतो आणि त्यात पूर्ण मान असतो. 'आपण' त्याच्याही वरचा आहे खरा, पण तो व्यासपीठावरचा, निमंत्रणातला, अर्जातला. कपडे धुताना कोणी निमंत्रणाच्या भाषेत बोलू लागले तर मान वाढत नाही, अंतर वाढते.

हे मॅडमना सांगितले. पटल्यासारखे वाटले, पण त्यांनी लेखी कारण मागितले. "वरिष्ठांना 'बरं वाटत नाही' एवढं सांगून चालत नाही हो." बरोबर आहे. ऐकायला कसे वाटते यावर वाद अनंत काळ चालतो. अर्थ कुठे बिघडतो ते दाखवले पाहिजे.

४ जून

'आपण'चा खरा दोष सापडला आणि तो वॉरंटी कार्डातच सापडला.

'आपण' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही' आणि 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून सगळे. बोलताना गोंधळ होत नाही, कारण वर्तमानकाळात क्रियापद उलगडा करते: 'आपण कपडे धुता' म्हणजे तुम्ही, 'आपण कपडे धुतो' म्हणजे आपण सगळे. पण क्रियापदाची ही मदत सगळीकडे मिळत नाही. 'आपण पॅनेल उघडले असल्यास', 'आपण पॅनेल उघडल्यास', 'आपण पॅनेल उघडावे': इथे रूप कर्त्याप्रमाणे बदलतच नाही, त्यामुळे 'आपण' कोण हे वाक्यातून कळायला मार्ग नाही. षष्ठीत तर आणखीच वाईट: 'आपला', 'आपली', 'आपले' दोन्ही अर्थांना एकच.

आता माहितीपुस्तकात आणि वॉरंटीत कोणती रूपे जास्त येतात? नेमकी हीच. असे केल्यास, तसे केले असल्यास, अमुक करावे, तमुक आपली जबाबदारी. साधा वर्तमानकाळ, जिथे 'आपण' सुरक्षित आहे, तो या मजकुरात जवळजवळ नसतोच.

जुन्या कार्डातले वाक्य: "पाण्याचा दाब योग्य ठेवणे ही आपली जबाबदारी आहे." कोणाची? छापणारी कंपनी आहे, म्हणून कंपनीची असेही वाचता येते. खालीच: "आपल्या सेवा केंद्राशी संपर्क साधावा." तुमच्या जवळच्या की आमच्या अधिकृत? दाव्याच्या वेळी या वाक्यावरून भांडण झाले तर दोन्ही बाजूंना मराठी व्याकरणाचा आधार मिळेल.

हे मॅडमना लिहून पाठवले. सोबत नवा मसुदा: "पाण्याचा दाब योग्य ठेवणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे." वॉरंटीत 'आपण' नको, 'तुम्ही'ही नको. दोन पक्षांमधला करार आहे, तिथे पक्षांची नावे घ्यावीत: ग्राहक आणि कंपनी. इंग्रजी मजकूर तिथे वाचणाऱ्याला उद्देशून बोलतो म्हणून मराठीनेही बोललेच पाहिजे असे नाही.

५ जून

मॅडमचा निरोप: 'आपण' काढा. वॉरंटीतला बदल कायदा विभागाकडे गेला.

९ जून

उरले 'करा' आणि 'करावे'. समीक्षक सर 'करावे'च्या बाजूचे आहेत. त्यांचे म्हणणे: "पुस्तकाची भाषा थोडी भारदस्त असू दे. 'करा, करा, करा' म्हणजे हुकूम सुटल्यासारखं होतं." यात तथ्य आहे. पानभर 'करा' वाचून कान किटतो. पण त्यावर उपाय वाक्ये जोडण्याचा आहे ('नळ बंद करून पाइप काढा'), क्रियापदाचे रूप बदलण्याचा नाही.

'करावे'ची पहिली अडचण बळाची आहे. 'प्लग काढावा' यात सल्ला, इच्छा, अपेक्षा, नियम सगळे मावते. 'सकाळी लवकर उठावे' आणि 'दुरुस्तीपूर्वी प्लग काढावा' एकाच सुरात येतात. पहिले नाही केले तरी चालते. दुसरे नाही केले तर विजेचा धक्का बसू शकतो. हिंदी नमुन्यात सगळीकडे 'करें' आहे, आणि मराठी अनुवादक त्याला सवयीने 'करावे' लावतो. पण हिंदीतले 'करें' सूचनांमध्ये सरळ आज्ञार्थासारखे वापरले जाते, 'करावे'ला मराठीत तो सरळपणा नाही.

दुसरी अडचण जास्त ठोस आहे आणि सरांनीही ती मान्य केली. 'करावे' कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते: नळ बंद करावा, वायर काढावी, दार बंद करावे, कपडे काढावेत, वायरी तपासाव्यात. हाताने लिहिताना हे आपोआप होते. पण पडद्यावरचे संदेश तुकड्यांनी बनतात. सॉफ्टवेअरमध्ये एक साचा असतो आणि भागाचे नाव चालू वेळी त्यात भरले जाते:

```
"%s बंद करा"
"%s तपासा"
```

'%s'च्या जागी नळ येवो, दार येवो, झडप येवो, 'बंद करा' तसेच राहते. 'करावा' लिहिले की साचा एकाच लिंगापुरता चालतो आणि 'दार बंद करावा' असे पडद्यावर झळकते.

त्यात परक्या शब्दांचे लिंग. मशीन 'ते' की 'ती'? आमच्याच टेबलावर दोन तट पडले. काही जण 'मशीन बंद पडली' म्हणतात, काही 'बंद पडले', आणि दोघांनाही आपलेच बरोबर वाटते. 'मशीन बंद करावी' लिहिले की निम्म्या वाचकांना खटकणार. 'मशीन बंद करा' लिहिले की प्रश्नच उठत नाही. सरांचे शेवटचे वाक्य: "चला, भांडण मिटवणारं रूप आहे म्हणायचं हे."

१० जून

कालच्या निर्णयाची मर्यादा लिहून ठेवतो, नाहीतर पुढच्या माणसाला वाटेल की 'करा'ने सगळे सुटले. क्रियापद बदलत नसले तरी विशेषण बदलते. 'बंद', 'साफ', 'स्वच्छ' न बदलणारे शब्द, ते साच्यात चालतात. 'रिकामा', 'मोकळा', 'कोरडा', 'उघडा' चालत नाहीत: ट्रे रिकामा करा, टाकी रिकामी करा. तसेच काम झाल्याचे संदेश. '%s बंद केला' पुन्हा लिंगात अडकते, म्हणून तिथे '%s बंद आहे' असा स्थिती सांगणारा साचा घेतला. जिथे विशेषण टाळता येत नाही तिथे प्रोग्रामरला प्रत्येक भागासाठी वेगळे पूर्ण वाक्य ठेवायला सांगितले. कुरकुर झाली, पण ठेवले.

१२ जून

सुरक्षेचे पान. इथे एका वाक्यावर सबंध दिवस गेला.

घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३३५-१ काही वाक्ये पुस्तकात हवीतच असे सांगते. त्यांपैकी एकाचा आशय: वीजपुरवठ्याची वायर खराब झाली, तर धोका टाळण्यासाठी ती उत्पादकाने, त्याच्या सेवा प्रतिनिधीने किंवा तितक्याच पात्र व्यक्तीने बदलली पाहिजे. इंग्रजी वाक्य कर्मणी आहे.

पहिला मसुदा शब्दाला शब्द होता: "ती उत्पादक, त्याचा सेवा प्रतिनिधी किंवा तत्सम पात्र व्यक्तीद्वारे बदलली जावी." अर्थ बरोबर, पण असे मराठी कोणी बोलत नाही. 'जावी' वाचून वाचणाऱ्याला नेमके काय करायचे ते कळत नाही. तो नुसता प्रेक्षक होतो.

आपला ठरलेला नियम लावला तर 'वायर बदला' होते, आणि ते तर धोक्याचेच! ज्याने हात लावू नये त्यालाच आपण काम सांगतो आहोत.

मग 'बदलून घ्या'. मराठीचे हे 'घेणे' मोठ्या उपयोगाचे आहे: काम दुसऱ्याने करायचे, करवून घ्यायचे मात्र तुम्ही. पण एक बारीक खाच आहे. 'बदलून घ्या'चा अर्थ 'स्वतःच एकदा बदलून टाका' असाही होतो, जसे 'हात धुऊन घ्या', 'जेवून घ्या'. आमच्या हिशेब विभागातल्या एका बाईंना नुसते "वायर बदलून घ्या" वाचायला दिले आणि विचारले, आता काय कराल? त्या म्हणाल्या, "बाजारातून आणून बसवू की." म्हणजे 'कडून' हवेच, कोणाकडून ते सांगितल्याशिवाय हे रूप वापरायचे नाही.

मी पुढे "तोवर मशीन वापरू नका" असेही जोडले होते. कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याने ते काढायला लावले. मानकातल्या वाक्यात नसलेली सूचना त्या वाक्यात घुसवायची नाही, हवी तर वेगळी लिहा, असे त्याचे म्हणणे, आणि ते रास्त आहे. इंग्रजीतल्या सक्तीच्या क्रियापदाचे काय केले, असेही त्याने विचारले. ते 'च'मध्ये आहे. 'कडून' आणि 'कडूनच' यांत तेवढाच फरक आहे.

अंतिम: "वीजपुरवठ्याची वायर खराब झाल्यास, धोका टाळण्यासाठी ती कंपनी, कंपनीचे सेवा केंद्र किंवा तितकेच पात्र तंत्रज्ञ यांच्याकडूनच बदलून घ्या."

१३ जून

त्याच पानावर उलटा प्रसंग. मुले उपकरणाशी खेळणार नाहीत यासाठी त्यांच्यावर लक्ष ठेवले जावे, असा मूळ आशय. जुन्या पुस्तकात "मुलांनी मशीनशी खेळू नये" असे आहे. वाचायला छान, पण सूचना मुलांना गेली, आणि मुले माहितीपुस्तक वाचत नाहीत. लक्ष ठेवायचे आहे वाचणाऱ्या मोठ्या माणसाने. म्हणून: "मुले मशीनशी खेळणार नाहीत याकडे लक्ष ठेवा." काल कर्ता वाचकाकडून काढून दुसऱ्याकडे न्यावा लागला, आज दुसऱ्याकडून वाचकाकडे आणावा लागला. दोन्ही वेळा प्रश्न एकच विचारला: हे काम प्रत्यक्ष कोण करणार?

निषेधासाठी 'करू नका' ठरले. 'करू नये' फक्त जिथे कर्ता वाचणारा नाही तिथे. 'कृपया' धोक्याच्या आणि इशाऱ्याच्या चौकटीतून पूर्ण काढले. ड्रम फिरत असताना हात घालू नका, हे विनंतीने सांगायचे नसते.

१६ जून

स्टिकरचा नमुना छापून आला आणि एक वेगळेच दुखणे दिसले. इंग्रजीत नकार वाक्याच्या तोंडाशी असतो, मराठीत शेवटी. "ड्रम फिरत असताना दार उघडू नका" हे वाक्य अरुंद स्टिकरवर दोन ओळींत मोडले आणि 'नका' एकटा खाली पडला. वरच्या ओळीत उरले "...दार उघडू". मशीनच्या पडद्यावर तर आणखी गंमत. मजकूर सरकत जातो तिथे क्षणभर नुसते 'दार उघडू' दिसते, म्हणजे मशीन आपल्यालाच विचारते आहे, "दार उघडू?"

उपाय: स्टिकरच्या फाइलमध्ये 'उघडू' आणि 'नका' यांच्यात न तुटणारी मोकळी जागा (U+00A0) घातली. त्यामुळे दोन्ही शब्द एकत्रच खाली जातात. पडद्यासाठी वाक्यच छोटे केले: "दार उघडू नका" एका वेळी मावते, कारण पुढच्या पडद्यावर. 'उघडू नये' घेतले असते तरी हाच घोळ झाला असता. नकार शेवटी येणे हा मराठीचा स्वभाव आहे, रूप बदलून तो जात नाही.

१८ जून

बटणे. 'सुरू करा' की 'सुरू'? डिझाइनर मुलीने विचारले, "बटणावर कोण कोणाशी बोलतं?" हा प्रश्न मला आवडला. पुस्तकात पुस्तक माणसाशी बोलते, बटण दाबताना माणूस मशीनशी. त्या न्यायाने बटणावर 'सुरू कर' हवे, कारण मशीनला कोणी अहो-जाहो करत नाही! ते अर्थातच विचित्र दिसेल. बटणांना संबोधनच नको: सुरू, थांबा, धुलाई, पिळणे, वेळ.

मग 'थांबा' वर पुन्हा विचार केला. ते आज्ञार्थ आहे, आणि मशीनने माणसाला 'थांबा' म्हटल्यासारखे वाचले जाते. 'विराम' केले. प्रकरणांच्या शीर्षकांना 'णे': "फिल्टर साफ करणे". अनुक्रमणिकेत शोधायला ते सोयीचे पडते.

२० जून

मार्केटिंगकडून नवी मागणी: ॲपमधल्या सूचना 'तू'मध्ये हव्यात. "धुलाई झाली! कपडे काढ!" तरुण ग्राहकाला जवळीक वाटेल म्हणे.

मराठीत 'तू' फार जवळचे आहे हे खरे. आईला तू, देवाला तू. पण ती जवळीक बोलणाऱ्यांच्या नात्यातून येते, आणि वॉशिंग मशीनचे कोणाशी नाते नसते. शिवाय हे ॲप घरात एकाच फोनवर राहील असे नाही. सून वापरेल तसेच सासरेही वापरतील. व्याकरणाची अडचण वेगळीच: 'तू'ला वर्तमानकाळात लिंग लागते. 'तू रोज जास्त डिटर्जंट घालतोस' की 'घालतेस'? ॲपला ते माहीत नाही, आणि विचारू नये. 'तुम्ही रोज जास्त डिटर्जंट घालता' दोघांनाही चालते. 'काढ', 'घाल' अशा आज्ञार्थात लिंग दिसत नाही म्हणून पहिल्या दहा-बारा संदेशांत 'तू' निभावून जाते, आणि सवयींबद्दलचा पहिला संदेश आला की अडकते.

जवळीक हवी तर शब्द हलके करू, असे सुचवले: "धुलाई झाली. कपडे काढून घ्या." मान्य झाले. उद्गारचिन्ह मात्र त्यांनी ठेवलेच.

२३ जून

शेवटचे प्रकरण, मशीन बसवण्याचे. इथे 'तुम्ही' कोण यावरून पुस्तक फुटले. आतापर्यंत 'तुम्ही' म्हणजे घरात मशीन वापरणारा. या प्रकरणात तंत्रज्ञ. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून मागच्या बाजूला बोल्ट लावलेले असतात, ते काढल्याशिवाय मशीन चालवले तर पिळताना भयंकर हादरते आणि आतून खराब होऊ शकते. "बोल्ट काढा" असे लिहिले तर घरचा माणूस पाना घेऊन बसेल. "बोल्ट काढावेत" लिहिले तर बोल्ट कोणीच काढणार नाही, कारण प्रत्येकाला वाटेल की हे दुसऱ्याचे काम.

सर म्हणाले, "इथे तरी 'तंत्रज्ञाने काढावेत' लिहू या." पानभर प्रत्येक वाक्यात 'तंत्रज्ञाने' आणायचे, आणि ते वाचणार तंत्रज्ञच. त्याला स्वतःबद्दल तृतीय पुरुषात वाचत काम करायचे. ते जमेना. शेवटी प्रकरणाच्या डोक्यावर चौकटीत एक ओळ टाकली: "हे प्रकरण मशीन बसवणाऱ्या तंत्रज्ञासाठी आहे." त्याच्याखाली 'तुम्ही' म्हणजे तंत्रज्ञ, आणि घरचा माणूस 'ग्राहक': "काढलेले बोल्ट ग्राहकाकडे द्या आणि जपून ठेवायला सांगा. मशीन पुन्हा हलवताना ते लागतील."

वापराच्या प्रकरणात त्याचे उलट टोक जोडले: "मशीन दुसरीकडे हलवायचे असल्यास बोल्ट सेवा केंद्राच्या तंत्रज्ञाकडून पुन्हा लावून घ्या."

२४ जून

कायदा विभागाचे उत्तर आले. वॉरंटीत 'ग्राहक' आणि 'कंपनी' मंजूर. एका ठिकाणी 'आपले' राहून गेले आहे असे त्यांनी दाखवले: "मशीन आपले काम थांबवते." हे स्ववाचक आहे, मशीनचे स्वतःचे काम, त्यामुळे ठेवता आले असते. पण या पुस्तकात 'आपले' दिसले की आता सगळेच दचकतात. "मशीन थांबते" केले आणि फाइल छपाईला दिली.